परगावच्या मुलांसाठी घरपोच शुश्रूषेची जाहिरात कशी लिहावी: खुब्याच्या ऑपरेशननंतरचे दीड महिने

‘चोवीस तास प्रेमळ सेवा, अनुभवी सिस्टर, मावशी व ब्रदर मिळतील. सर्व प्रकारच्या रुग्णांची काळजी.’ नर्सेस ब्युरोंच्या दहापैकी आठ जाहिराती अशाच असतात. गावातल्या माणसाला एवढं पुरतं. तो ब्युरोत येऊन बसतो, मावशीला समोरासमोर पाहतो आणि शेजाऱ्याला विचारून खात्री करून घेतो. ज्याची आई सांगलीत आहे आणि स्वतः तो बंगळुरूला आहे, त्याला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्यासाठी जाहिरात हीच पहिली भेट असते, आणि ती तो बहुधा हॉस्पिटलमधून ‘परवा डिस्चार्ज देतो’ असा फोन आल्यावर वाचतो.

हा लेख छोट्या ब्युरोंसाठी आहे, म्हणजे वीस-पंचवीस माणसं कामावर असलेल्या आणि जाहिरात स्वतःच लिहिणाऱ्या ब्युरोंसाठी. उदाहरण एकच घेऊ. सांगलीत ७६ वर्षांच्या काकू घरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि सांध्याचा गोळा बदलण्याचं ऑपरेशन झालं. मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात आहे. काका ८१ वर्षांचे, स्वतःपुरते हिंडते-फिरते. मुलगी बंगळुरूला, मुलगा न्यू जर्सीला.

आधी एक प्रसंग निवडा

‘सर्व प्रकारचे रुग्ण’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला त्यात आपली आई दिसत नाही. म्हणून एका जाहिरातीत एकच प्रसंग घ्यावा. अर्धांगवायूसाठी वेगळी, विसरभोळेपणासाठी वेगळी, खुब्यासाठी वेगळी. तीन जाहिराती लिहायला एक दुपार जास्त लागते, पण फोनवर पहिला अर्धा तास ‘तुम्ही नेमकं काय करता’ हे समजावण्यात जात नाही.

लिहायला बसण्याआधी त्या प्रसंगात घरी काय-काय करावं लागतं, ते कागदावर काढा. खुब्याच्या बाबतीत ते साधारण असं असतं. पहिले काही आठवडे खाली बसायचं नाही, भारतीय पद्धतीचा संडास चालत नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटक्या खुर्चीवर बसायचं नाही. कारण मांडी पोटाकडे जास्त वाकली किंवा पाय आत वळला तर नवा गोळा खोबणीतून निसटू शकतो. कुशीवर वळवताना दोन्ही पायांमध्ये उशी हवी. वॉकरने उभं करताना कोणीतरी बाजूला हवं. टाच आणि माकडहाड रोज पाहायचं. तिथली लाली बोटाने दाबून सोडल्यावरही तशीच राहिली, फिकी पडली नाही, तर ती बेडसोरची सुरुवात समजायची. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, तोवर ड्रेसिंग असतं. काही रुग्णांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन सांगितलेलं असतं. कुठली बंधनं किती दिवस, हे ज्याने ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांकडूनच घ्यायचं आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यायचं.

जाहिरातीचा कच्चा माल या कागदावर असतो. यातली दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी जाहिरातीत गेली की वाचणाऱ्याला कळतं, या लोकांनी असे रुग्ण उठवले-बसवले आहेत.

कोण येणार, ते सरळ लिहा

सगळ्यात जास्त तक्रारी इथून सुरू होतात. ‘अनुभवी सिस्टर’ असं छापायचं आणि पाठवायचं मावशीला. परगावच्या मुलीला सिस्टर म्हणजे नर्सिंग शिकलेली असं वाटतं. चौथ्या दिवशी ती फोनवर मावशींना ‘इंजेक्शन दिलंत का’ विचारते आणि मावशी म्हणतात, ‘ते मला येत नाही.’ त्या क्षणी तुमच्या उरलेल्या सगळ्या शब्दांवरचा विश्वास जातो.

म्हणून दोन ओळी खर्च करा. मावशी म्हणजे अंघोळ घालणं, स्पंजिंग, कपडे, जेवण भरवणं, संडास-लघवीला मदत, कूस बदलणं, वॉकरने चालवणं आणि वेळेवर गोळ्यांची आठवण. सिस्टर म्हणजे एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली. इंजेक्शन, ड्रेसिंग, लघवीची किंवा नाकातली नळी यांसाठी तीच. नोंदणी क्रमांक जाहिरातीत छापायची गरज नाही, पण ‘मागितल्यावर पाठवतो’ असं लिहा आणि फोटो काढून तयार ठेवा. पोलीस पडताळणीचंही तसंच. ‘सर्व स्टाफ व्हेरिफाइड’ या वाक्याला काही किंमत नाही. ‘जी मावशी येणार तिचं ओळखपत्र आणि पडताळणीचा कागद आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मिळेल’ या वाक्याला आहे.

काकूंच्या बाबतीत मावशी रोज आणि सिस्टर ड्रेसिंगपुरती, एवढं पुरतं. सगळं सिस्टरनेच करावं असं मुलीला वाटणं स्वाभाविक आहे. पण गरज नसताना सिस्टर देऊन जास्त पैसे घेतले, तर महिनाभरात घरच्यांच्या ते लक्षात येतं.

रात्रीबद्दल खरं बोला

‘२४ तास ड्युटी’ या शब्दांतही अशीच फसगत आहे. चोवीस तास राहणारी बाई एकच असते आणि ती रात्री झोपते. झोपलीच पाहिजे. रुग्ण रात्री एकदा बाथरूमला उठत असेल तर ते चालून जातं. काकूंना पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असेल, तर रात्री १०, १२, २, ४ आणि ६ असं पाच वेळा उठावं लागेल. दिवसभर काम केलेली बाई हे दोन रात्री करते. तिसऱ्या रात्री दोनची वेळ चुकते, आणि सकाळी टाचेवर लाली दिसते. दोष मावशीला दिला जातो, पण चूक ड्युटी लावणाऱ्याची असते.

जाहिरातीत म्हणून असं लिहावं: ‘रात्री वारंवार उठावं लागणार असेल तर आम्ही एकच बाई चोवीस तास देत नाही, सकाळी ८ आणि रात्री ८ अशा दोन पाळ्या देतो.’ नकार देणारं हे वाक्य दहा आश्वासनांपेक्षा जास्त धीर देतं, कारण इथे ब्युरो स्वतःच्या सोयीविरुद्ध बोलतोय.

अपराधी वाटायला लावणारे शब्द कसे ओळखावेत

काही सरळ दिसतात. ‘ज्यांनी बोट धरून चालायला शिकवलं, त्यांना आज तुमची गरज आहे.’ श्रावणबाळाचं चित्र. ‘नोकरी महत्त्वाची की आई?’ हे लिहिणाऱ्याला वाटतं, वाचणारा हेलावेल आणि फोन करेल. होतं उलटं. आधीच रात्रभर न झोपलेल्या माणसाला कोणी टोचलं की तो ते पान बंद करतो आणि ओळखीतून कोणी मिळतंय का ते बघतो. आणि ज्यांनी टोचणीमुळे फोन केला, ते गरजेपेक्षा जास्त सेवा मागतात. चालत्या-फिरत्या वडिलांना चोवीस तास माणूस लावतात, वडील वैतागतात, पंधरा दिवसांत काम बंद होतं. त्यात मावशीचं दुसरं घर सुटलेलं असतं.

दुसरं एक कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अशी जाहिरात एकट्याने वाचली जात नाही, ती घरच्या ग्रुपवर जाते. बंगळुरूची मुलगी ती न्यू जर्सीच्या भावाला पाठवते. सांगलीत राहणारी मावसबहीण, जी गेले आठ दिवस डबा पोचवतेय, ती वाचते. काका वाचतात. ‘परदेशी गेलेल्या मुलांनो’ अशी सुरुवात असेल तर भावाला ते बहिणीने मुद्दाम पाठवलं असं वाटतं. ‘एकाकी, असहाय वृद्ध’ असं असेल तर काका म्हणतात, ‘मी अजून बसलोय ना घरात?’ आणि विषय तिथेच संपतो.

काही शब्द मात्र गोड दिसतात आणि तरीही टोचतात. ‘पोटच्या मुलीसारखी माया’ हे त्यातलं सगळ्यात लोकप्रिय. वाचणारी स्वतः पोटची मुलगी आहे. तिला त्यातून ऐकू येतं की तुझी जागा आता दुसरी कोणी घेणार. ‘तुमची उणीव भासू देणार नाही’ हेही तेच. भासणारच, आणि भासली तर बिघडलं काय? तुम्ही लेकीची जागा घेत नाही, अंघोळ-गोळ्या-चालणं सांभाळता.

भीती घालणं हा याचाच सख्खा भाऊ. ‘रात्री एकट्या आईला काही झालं तर?’ असा प्रश्न विचारू नका. तो तिच्या डोक्यात आधीपासून आहे. त्याच्या जागी उत्तर द्या.

एक ओळ बदलून पाहू. मूळ: ‘कामाच्या व्यापात आई-वडिलांकडे दुर्लक्ष होतंय? काळजी करू नका, आम्ही आहोत.’ यात ‘दुर्लक्ष’ हा आरोप आहे, आणि ‘आम्ही आहोत’ यात काहीच सांगितलेलं नाही. बदललेली: ‘आई सांगलीत आणि तुम्ही बाहेरगावी असलात, तरी डिस्चार्जच्या दिवशी आमचं माणूस हॉस्पिटलमध्ये हजर असतं.’ अंतर ही वस्तुस्थिती म्हणून सांगितली, तिचा न्याय केला नाही, आणि लगेच एक काम सांगितलं.

रोजचा निरोप: नमुनाच छापा

दूर असलेल्या माणसाला ‘रोज अपडेट देऊ’ हे पटत नाही, कारण ‘सगळं ठीक आहे’ हा अपडेट त्याला काकाही देतात. म्हणून खराखुरा वाटणारा एक नमुना जाहिरातीतच द्यावा, नाव न घालता:

‘बुधवार, रात्री ८:३०. सकाळी ६:४० ला उठल्या. नाश्ता एक वाटी उपमा, अर्धा कप चहा. वॉकरने हॉलपर्यंत दोनदा. सगळ्या गोळ्या दिल्या. दुपारी जेवण कमी, अर्धी पोळी. संडासला झाली नाही, आज दुसरा दिवस. सिस्टरना सांगितलं आहे. टाचा पाहिल्या, लाली नाही. रात्रीच्या मावशी आल्या.’

या निरोपाची ताकद ‘संडासला झाली नाही’ या वाक्यात आहे. ऑपरेशननंतर वेदनेच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, पडून राहण्यानेही होतं. ते लिहिलेलं दिसलं की वाचणाऱ्याला कळतं, वाईट बातमीही आपल्यापर्यंत येईल. हा निरोप न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी ११ ला पोचतो, तेव्हा वेळ ठरवून द्या आणि ती पाळा. साडेआठचा निरोप दहाला गेला, तर मधल्या दीड तासात तीन फोन येतात आणि चूक कुठेच झालेली नसते.

फोटो पाठवायचा असेल तर ताटाचा, वॉकरचा किंवा हसऱ्या चेहऱ्याचा, तोही काकूंना विचारून. स्पंजिंग, ड्रेसिंग, अंथरुण यांचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. जखम दाखवायचीच असेल तर ती थेट डॉक्टरांना पाठवावी. कॅमेरा बसवण्याचा आग्रह काही घरांतून होतो. हॉलमध्ये, रुग्णाला आणि मावशीला सांगून, इतपत ठीक. जिथे कपडे बदलतात तिथे नको, आणि ‘कॅमेऱ्यावर सतत नजर’ हे जाहिरातीत मिरवू नये. त्यातून वाचणाऱ्याला पहिली शंका येते ती तुमच्याच माणसांबद्दल.

पैसे: पूर्ण हिशोब, एका नजरेत

‘रास्त दर’ या शब्दांनी परगावचा माणूस बुचकळ्यात पडतो, कारण त्याला सांगलीतला भाव माहीत नसतो आणि तो मनात बंगळुरूचा भाव धरतो. दर लिहा. शक्य असेल तर पूर्ण काळाचा अंदाज लिहा. पुढचे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे घाला.

एका पाळीचे ₹८०० धरले, तर पहिले १५ दिवस दोन पाळ्या म्हणजे ₹२४,०००. पुढचे ३० दिवस फक्त दिवसपाळी, पुन्हा ₹२४,०००. सिस्टरच्या सहा फेऱ्या ₹४०० प्रमाणे ₹२,४००. दीड महिन्याचे एकूण ₹५०,४००. यात काय नाही, तेही तिथेच सांगायचं: मावशीचं जेवण घरी, डायपर-औषधं घरची, कमोड खुर्ची आणि वॉकर भाड्याने किंवा विकत. सणाच्या दिवशी जादा दर असेल तर तो आकडा आत्ताच लिहा. नोंदणी फी परत मिळत नसेल, तर तेही.

या हिशोबात मुलीला एक गोष्ट दिसते, जी तिला कोणी सांगितलेली नसते: खर्च कमी होत जातो. पंधरा दिवसांनी रात्रपाळी बंद होऊ शकते, दीड महिन्यानंतर कदाचित रोजचे तीन तास पुरतील. काम कमी होण्याची तारीख सांगणारा ब्युरो गिऱ्हाईक घालवत नाही, पुढच्या आजारपणातही तेच घर त्याला फोन करतं.

अटी मराठी जाहिरातीखाली बारीक इंग्रजीत टाकण्याची सवय सोडा. फसव्या जाहिरातींबाबत केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांनुसार अट ही दाव्याच्याच भाषेत आणि वाचता येईल अशी असावी लागते. ‘१०० टक्के बरे करू’, ‘महिन्यात चालायला लावू’ असं तर लिहूच नये. चालणं हे हाड, हृदय, साखर आणि व्यायाम या सगळ्यांवर ठरतं, मावशीवर नाही.

घरच्यांकडून काय हवं, तेही मागा

‘पूर्ण जबाबदारी आमची, तुम्ही निर्धास्त राहा’ हे खोटं असतं, आणि वाचणाऱ्याला ते कळतं. ॲडमिट करायचं की नाही, हे तुम्ही ठरवू शकत नाही. म्हणून तीन गोष्टी मागून घ्या. डिस्चार्ज कार्डाचा फोटो. निर्णय घेणाऱ्या एकाच व्यक्तीचा नंबर, कारण बहीण ‘हलवा’ आणि भाऊ ‘थांबा’ म्हणाला की मधल्या मध्ये मावशी अडकते. आणि पहिल्या दिवसाआधी आईला एक फोन.

ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. मावशी दारात आल्यावर ‘मला काय धाड भरलीय, परत जा’ हे ऐकावं लागतं, ते बहुतेक वेळा आईला आधी कोणी विचारलेलंच नसतं म्हणून. जाहिरातीत मुलीला शब्दच देऊन टाका: ‘आई, डॉक्टरांनी खाली वाकायला मनाई केलीय, तेवढे दीड महिने मदतीला एक बाई येतील. स्वयंपाकघर तुझंच.’ मुदत ठरलेली असली आणि घरावरचा ताबा आपलाच राहतोय असं दिसलं, की बऱ्याच आया तयार होतात. तरी नाही म्हणाल्या, तर तीन दिवस करून बघू म्हणा आणि त्या तीन दिवसांचेच पैसे घ्या.

पूर्ण जाहिरात

आता सगळं एकत्र:

‘सांगलीत आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि तुम्ही बाहेरगावी आहात?

डिस्चार्जच्या दिवशी आमच्या मावशी हॉस्पिटलमध्येच येतात, गोळ्या आणि बंधनं समजून घेतात आणि आईंबरोबर घरी जातात. अंघोळ, कमोड खुर्ची, वॉकर, कूस बदलणं ही कामं मावशींची. इंजेक्शन आणि ड्रेसिंगला नोंदणीकृत सिस्टर येतात. येणाऱ्या व्यक्तीची कागदपत्रं तुम्हाला आदल्या दिवशी मिळतात.

रात्री वारंवार उठायचं असेल तर दोन पाळ्या. एकाच बाईला चोवीस तास ठेवत नाही. मावशी आजारी पडल्या तर चार तासांत बदली. तेवढ्यात जमलं नाही तर त्या दिवसाचे पैसे नाहीत.

रोज रात्री ८:३० ला निरोप: खाणं, गोळ्या, चालणं, संडास, त्वचा. पडणं, छातीत दुखणं, श्वास लागणं, पायाला अचानक सूज किंवा पाय आखूड-वाकडा दिसणं, यांपैकी काही झालं तर निरोपाची वाट न बघता लगेच फोन आणि रुग्णवाहिका १०८.

दीड महिन्याचा अंदाज ₹५०,४००. जेवण, औषधं, साहित्य वेगळं. गरज कमी झाली की पाळी कमी करा, एक दिवस आधी सांगितलं की पुरे.

फोन आणि व्हॉट्सॲप: +९१…, सकाळी ७ ते रात्री ११.’

चार तासांत बदली हे तुमच्याकडे दोन राखीव माणसं असतील तरच लिहा, नसतील तर ‘दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत’ लिहा. नंबर मजकुरात टाइप केलेला असावा. चित्रावर छापलेल्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही, आणि पुढे +९१ नसेल तर परदेशातून तो तसाच लागत नाही. फोटो लावायचाच तर वॉकरचा किंवा कमोड खुर्चीचा लावा. इंटरनेटवरच्या पांढऱ्याशुभ्र केसांच्या गोऱ्या आजी सांगलीत कोणाच्याच आई नाहीत.

अशा जाहिरातीला सगळ्यात जास्त फोन गणपती, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर येतात. मुलं घरी येऊन जातात, आईचं उठणं-बसणं प्रत्यक्ष पाहतात आणि परतीच्या गाडीत नंबर शोधतात. त्या आठवड्यांत फोन उचलणाऱ्याने जाहिरात वाचलेली असली पाहिजे. समोरून ‘दोन पाळ्या म्हणजे कसं?’ असं विचारलं आणि इकडून ‘मॅडम आल्या की सांगतो’ असं उत्तर गेलं, तर लिहिलेलं सगळं वाया गेलं.

छापण्याआधी मजकूर सत्तरीच्या पुढच्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, स्वतःच्या आईला असेल तर उत्तम. जिथे त्यांचा चेहरा पडेल, ती ओळ काढा. जिथे ‘आणि जेवणाचं काय?’ असा प्रश्न येईल, तिथे एक ओळ वाढवा.